एकच पिन, तीन चार्जर : प्रकल्प नोंदी (सोलापूर, एप्रिल 2025)

3 एप्रिल 2025

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या चादरीच्या कारखान्यात काम करणारे अण्णा आज साखर पेठेतल्या माझ्या दुकानात इलेक्ट्रिक स्कूटर घेऊन आले. तक्रार चार्जरच्या दिव्याची, त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवतो : "लाल लागतंय, हिरवं होतंय, परत लाल होऊलालंय. रात्रभर हेच. सकाळी गाडी भरलीय का नाही तेच कळंना."

गाडी कमी वेगाची, 25 च्या आतली, नंबरप्लेट न लागणारी. मुळात तिच्यात ॲसिडच्या चार बॅटऱ्या होत्या. त्या बसल्यावर अण्णांनी दिवाळीच्या सुमारास लिथियमचा एक डबा बसवून घेतला. बसवणाऱ्यानं सांगितलं होतं की हीपण 48 चीच आहे, जुना चार्जर चालतो. डब्यावर लिहिलंय "48 व्होल्ट, 24 अँपिअर-अवर". चार्जरवर लिहिलंय "48 व्होल्ट, 3 अँपिअर". दोन्हीकडे 48, त्यामुळे कुणाला शंका यायचं कारण नव्हतं.

चार्जर नुसता भिंतीच्या सॉकेटला लावून मीटर धरला. 55.3 व्होल्ट. लिथियमची 48 ची बॅटरी असली तर 54.6 दिसायला हवं. फरक पाऊण व्होल्टाच्या आतला. समर्थला (माझ्याकडे शिकणारा मुलगा) म्हटलं, चार्जर बरा दिसतोय, बॅटरीच्या आतल्या बीएमएसमध्ये, म्हणजे सेलवर नजर ठेवून गरज पडली की वीज तोडणाऱ्या पट्टीत, खोट असावी. स्कूटर ठेवून घेतली. अण्णा सिटी बसनं गेले.

4 एप्रिल

डब्याच्या झाकणाचे स्क्रू काढले. समर्थला आधी हातातलं कडं काढायला लावलं, स्क्रूड्रायव्हरच्या दांड्याला टोकापर्यंत टेप गुंडाळली. हा डबा बंद करायला बटण नसतं. गाडी बंद असली तरी आतल्या पट्ट्यांवर पूर्ण व्होल्टेज असतंच, आणि एक स्क्रू घरंगळून दोन पट्ट्यांवर आडवा पडला तर तो वितळतो. घरी कुणी हा डबा उघडू नये.

बीएमएसच्या पट्टीवर बारीक तारांचा एक जुडगा येतो. तारा मोजल्या : 14. एक काळी आणि बाकी 13. म्हणजे 13 सेल एकामागोमाग जोडलेत. हे कळणं सगळ्यात गरजेचं होतं. नेहमीच्या लिथियम-आयन जातीच्या एका सेलला जास्तीत जास्त 4.2 व्होल्ट द्यायचे असतात, म्हणून 13 × 4.2 = 54.6. या डब्याला चार्जर 54.6 चाच लागतो.

मग अण्णांचाच चार्जर लावून समोर बसलो. क्लॅम्प मीटर वायरीवर, दुसरा मीटर सेलच्या तारांवर. आधी 3 अँपिअर सुरळीत चालले होते. सुमारे दोन तासांनी पाचव्या क्रमांकाचा सेल 4.26 व्होल्टवर गेला, बाकीचे 4.21 च्या आसपास होते. त्याच क्षणी करंट एकदम शून्य झाला आणि दिवा हिरवा. सात मिनिटांनी पाचवा सेल थोडा खाली बसला, करंट परत सुरू, दिवा लाल. पाच मिनिटांत परत कट. तासाभरात पाच वेळा असं झालं.

म्हणजे बीएमएस बिघडलेला नाही. उलट तो एकटाच नीट काम करतोय. एखादा सेल मर्यादेबाहेर गेला की तो दार लावतो, सेल शांत झाला की उघडतो, आणि बाहेर चार्जर ढकलत उभाच असतो. दिव्याचं लाल-हिरवं म्हणजे ही ढकलाढकल. भरलेल्या बॅटरीवर चार्जरचा दिवा एकदाच हिरवा होऊन तसाच राहायला पाहिजे.

पण मग काल मीटरनं 55.3 का दाखवलं? एवढ्याशा फरकावर इतक्या जोरात कट होणार नाही. रात्री घरी जाईपर्यंत हाच विचार.

5 एप्रिल

उत्तर बल्बच्या माळेनं दिलं. गॅरेजवाल्याकडून 12 व्होल्ट 21 वॅटचे इंडिकेटरचे पाच बल्ब आणले आणि एकामागोमाग जोडले. पाच बारा साठ, म्हणजे 60 व्होल्टची माळ. पूर्ण पेटली की पावणेदोन अँपिअरच्या जवळपास खेचते. चार्जर 3 अँपिअरचा आहे, तेव्हा त्याला हा भार जड नाही, पण समोर कुणीतरी वीज घेतंय एवढं त्याला कळतं.

माळ लावली. बल्ब पेटले, दिवा लाल झाला आणि मीटर 59.0 वर जाऊन थांबला. माळ काढली, परत 55.3.

म्हणजे हा ॲसिडच्या बॅटरीचा चार्जर आहे आणि त्याची दोन व्होल्टेजं आहेत. बॅटरी वीज घेत असेल तोवर तो 59 पर्यंत चढतो. घेणं कमी झालं की 55 च्या आसपास उतरतो आणि तिथं कायम राहतो. रिकाम्या पिनला मीटर लावला तर समोर कुणीच वीज घेत नसतं, म्हणून तो खालचा आकडा दाखवतो. परवा मी तोच आकडा खरा धरला होता.

इथून पुढं दुकानात येणारा प्रत्येक चार्जर माळेवर तपासायचा, रिकामा नाही. फक्त एक लक्षात ठेवायचं. काही चार्जर समोर बॅटरीचं व्होल्टेज दिसल्याशिवाय काहीच बाहेर सोडत नाहीत. त्यांना माळ लावून शून्य आलं तर चार्जर मेला असं समजू नये. तो बॅटरीला लावूनच मोजावा.

7 एप्रिल

अण्णांना बोलावून समजावलं. त्यांचा प्रश्न रास्त होता : "तेच चार्जर पाच वर्षं चाललं की, आता काय झालं त्येला?"

चार्जरला काही झालेलं नाही. तो ॲसिडच्या बॅटरीसाठी बरोबरच आहे. 12 व्होल्टच्या चार बॅटऱ्या, प्रत्येकीला भरताना पावणेपंधराच्या आसपास लागतात, म्हणून 59. ॲसिडची बॅटरी भरल्यावरही थोडी वीज पचवते. जास्तीच्या विजेनं आतल्या पाण्याचे बुडबुडे होतात, बॅटरी थोडी तापते, बस. शिवाय ती पडून पडून स्वतःच उतरते, म्हणून चार्जर शेवटी 55 वर थांबून तिला भरलेली ठेवतो. ती सोय त्या बॅटरीसाठी चांगली आहे.

लिथियमच्या सेलला ही जास्तीची वीज पचवता येत नाही. 4.2 च्या वर ढकललं की आतल्या ग्रॅफाइटमध्ये जागा उरत नाही, लिथियम धातूच्या रूपात पृष्ठभागावर साचायला लागतं, द्रवाचं विघटन होऊन वायू तयार होतो, सेल फुगतो. पुढं आतल्या आत शॉर्ट होऊन पेट घेण्यापर्यंत गोष्ट जाऊ शकते. 59 ला 13 नं भागलं तर प्रत्येक सेलला 4.54 येतात. अण्णांचा चार्जर रोज रात्री तिथवर न्यायला बघत होता. आणि चार्जर खाली 55.3 वर उतरला तरी 55.3 ÷ 13 म्हणजे 4.25, तेसुद्धा जास्तच. हा चार्जर या डब्याला कुठल्याही अवस्थेत सुटी देत नाही.

मधे उभा होता तो फक्त बीएमएस. त्याचं काम क्वचित कधी गडबड झाली तर तोडण्याचं आहे. एका रात्रीत पन्नास वेळा तोडून चार्जिंग संपवण्याचं नाही. त्याच्यातले वीज चालू-बंद करणारे मॉस्फेट शॉर्ट होऊन गेले तर दार कायमचं उघडं राहतं, आणि ते बाहेरून कुणालाही दिसत नाही.

अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आमच्या शेडमधी अजून दोन गाड्या हायेत. तीन चार्जर एकाच फळीवर ठेवतो आम्ही. पिना सारख्याच. ज्याच्या हाताला जे येईल ते लावतंय."

उद्या तिकडं जायचं.

8 एप्रिल

कारखान्यात मागांचा खडखडाट इतका की बोलणं शेडच्या बाहेर येऊन. गाड्या मागच्या पत्र्याच्या आडोशाला. फळीवर तीन काळे डबे आणि एक चौथा, मेलेला, कोपऱ्यात टाकून दिलेला.

तीन गाड्या अशा. बसूची गाडी अजून ॲसिडच्या चार बॅटऱ्यांवर. अण्णांची 13 सेलची. आणि शबानाताईंची नव्या डब्याची, त्याच्यावर बारीक अक्षरात 51.2 व्होल्ट लिहिलंय. हा आकडा फार कामाचा. 51.2 म्हणजे 16 × 3.2, लिथियम आयर्न फॉस्फेट जातीचे 16 सेल. याचा पूर्ण चार्ज 16 × 3.65 = 58.4. डब्यावर 46.8 किंवा 48.1 असतं तर 13 सेल समजायचे. नुसतं 48 लिहिलं असेल तर काहीच समजायचं नाही, विकणाऱ्याकडून सेलची जात आणि संख्या लिहून घ्यायची. बॅटरीचं आत्ताचं व्होल्टेज मोजून जात ओळखता येत नाही. 52 दिसले तर 13 सेलची बॅटरी बऱ्यापैकी भरलेली असू शकते, नाही तर 16 सेलची अर्ध्याहून जास्त उतरलेली.

माळ बरोबर नेली होती. एक चार्जर 59 चा, म्हणजे अण्णांचा जुना. दुसराही 59 चा, बसूचा. तिसरा 58.4, शबानाताईंचा. तिन्हींच्या अंगावर मोठ्या अक्षरात एकच आकडा, 48. अण्णांच्या गाडीला लागणारा 54.6 चा चार्जर त्या फळीवर कधी नव्हताच.

आता पिन. तिन्हींना कॉम्प्युटरच्या पॉवर केबलला असते तशी तीन भोकांची पिन. या गाड्यांना ही पिन सर्रास येते. मीटर लावून प्लस-मायनस बघितलं. अण्णांच्या आणि बसूच्या चार्जरला एका बाजूला प्लस. शबानाताईंच्या चार्जरला त्याच भोकात मायनस. पिन बसते, आकार तोच, रंग तोच, आणि तारा उलट.

समर्थनं तेवढ्यात आणखी एक गोष्ट दाखवली. ऑफिसातल्या कॉम्प्युटरची केबल त्यानं बसूच्या गाडीच्या सॉकेटजवळ धरली. ती सहज बसली असती. त्या केबलच्या दुसऱ्या टोकाला भिंतीतले 230 व्होल्ट आहेत, मधे चार्जर नाही. ॲसिडच्या बॅटरीवर थेट घरची वीज. माझ्या अंगावर काटा आला. त्याला केबल आधी लांब ठेवायला सांगितली, मग शाबासकी दिली.

9 एप्रिल

फळीवरचा मेलेला चौथा चार्जर खोलला. आउटपुटचा फ्यूज काळा पडलेला, त्याच्या पुढचा डायोड दोन्हीकडून शॉर्ट, पट्टीवरचा तांब्याचा रस्ता जळून तुटलेला. आतला मेन्सकडचा भाग ठणठणीत.

शबानाताईंना फोन करून विचारलं. तो त्यांचाच आधीचा, डब्याबरोबर आलेला. "एकदा बसूच्या गाडीला लावला तर चट्ट आवाज झाला, ठिणगी उडाली, मग कधी चाललाच नाही." उलट तारेची बॅटरी समोर आली की चार्जर आणि बॅटरी एकमेकांच्या विरोधात न राहता एका वर्तुळात येतात, आणि बॅटरी आपली सगळी ताकद चार्जरच्या डायोडमधून सोडते. फ्यूज उडाला म्हणून तेवढ्यावर निभावलं. ॲसिडच्या मोठ्या बॅटऱ्या शेकडो अँपिअर सोडू शकतात. फ्यूजऐवजी कुणी तार घातलेली असती तर केबल पेटली असती.

हा चार्जर दुरुस्त होईल, पण आधीच्या पिनेसकट परत द्यायचा नाही.

11 एप्रिल

अदलाबदल झाली तर काय होतं, ते समर्थच्या वहीत लिहायला घेतलं. सगळे प्रकार सारखे धोक्याचे नाहीत, म्हणून घाबरवून न टाकता एकेक बघितलं. उलट तारांचं परवा लिहून झालं, इथं तारा सुलट जुळल्या असं धरून फक्त व्होल्टेजचं.

अण्णांच्या 13 सेलला फळीवरचा कुठलाही चार्जर नको. 59 चं सांगून झालं. 58.4 चा लावला तरी सेलला 4.49, गोष्ट तीच.

शबानाताईंच्या डब्याला 59 चा ॲसिडचा लावला तर सेलला 3.69 पडतात, मर्यादा 3.65 ची. फरक थोडा आहे. बीएमएस कदाचित तोडणारही नाही आणि म्हणूनच कुणाला कळणार नाही. पण तो चार्जर नंतर 55 वर धरून बसतो, रात्रभर, रोज. शिवाय ॲसिडच्या काही चार्जरमध्ये प्लेटवरचा पांढरा थर झाडायला जास्त व्होल्टेजचे झटके देण्याची सोय असते. ते झटके बीएमएसच्या नाजूक भागांना मारतात. एकदा अडचणीत चाललं म्हणून ते बरोबर ठरत नाही.

उलट बाजूही आहे, कमी व्होल्टेजची. अण्णांसाठी 54.6 चा नवीन चार्जर आला की तो कधीतरी बसूच्या गाडीला लागणारच. 54.6 ला चारनं भागा, 13.65. ॲसिडच्या बॅटरीला एवढ्यावर पूर्ण भरता येत नाही. दिवा हिरवा होईल, बसूला वाटेल झालं. रोज थोडी थोडी उपाशी राहिलेली बॅटरी आतून पांढरी पडते आणि काही महिन्यांत बसते. आग लागत नाही, पण गरीब माणसाच्या बॅटरीचे पैसे जातात. शबानाताईंच्या डब्याला तोच लावला तर सेल 3.41 वर थांबतात. बॅटरी बरीचशी भरते, पण 16 सेल एकमेकांशी सारखे करण्याचं काम बीएमएस वरच्या टोकाशी करतो. तिथवर कधी पोचलंच नाही तर सेल हळूहळू पांगत जातात.

हा शेवटचा प्रकार मला सगळ्यात फसवा वाटतो, कारण महिनोन्‌महिने काहीच बिघडलेलं दिसत नाही.

15 एप्रिल

काल आंबेडकर जयंती, दुकान बंद. मिरवणूक रात्री उशिरापर्यंत.

आज अण्णांचा पुतण्या आला. त्यानं ऑनलाइन 54.6 व्होल्ट 10 अँपिअरचा चार्जर शोधून ठेवलाय. "काका, व्होल्टेज बरोबर आहे ना? मग अडीच तासात भरेल."

व्होल्टेज बरोबर आहे, आणि ते बघायला तो शिकला याचा आनंद झाला. पण अँपिअरचा नियम वेगळा. व्होल्टेज जुळलंच पाहिजे, करंट मर्यादेच्या आत असला पाहिजे. 2 अँपिअरचा चार्जर लावला तर गाडी सावकाश भरेल, नुकसान काही नाही. वरच्या बाजूला मात्र बॅटरीची मर्यादा बघायची. अण्णांच्या डब्याच्या बाजूला छोट्या चिठ्ठीवर जास्तीत जास्त चार्जिंग 6 अँपिअर असं लिहिलंय. 10 चा चार्जर लावला तर 10 येणार, कारण उतरलेली बॅटरी मिळेल तेवढं घेते आणि चार्जर देता येईल तेवढं देतो. बीएमएस तोडेल, नाही तर तोडणार नाही आणि तापेल.

वायरींचं गणित त्याला कागदावर करून दाखवलं. उष्णता करंटच्या वर्गानं वाढते. 3 चे 10 केले तर वायर आणि पिन अकरापट तापतात. 3 अँपिअरला कोमट लागणारी पिन 10 ला प्लास्टिक वितळवते. पिनेजवळ प्लास्टिक पिवळं पडलं, वास आला किंवा बोट ठेववत नसेल, तर करंट त्या पिनेच्या ताकदीबाहेर आहे किंवा संपर्क सैल आहे. दोन्ही वेळी थांबायचं.

आणि आपलं सोलापूर. आज दुपारी शेडमध्ये पत्र्याखाली थर्मामीटर 43 दाखवत होता. या सेलना चार्ज करताना साधारण 45 च्या वर जाऊ द्यायचं नसतं. म्हणजे दुपारी चार्ज लावला तर हातात दोनच अंश शिल्लक. सावकाश चार्जर सेलना कमी तापवतो. म्हणून आमच्याकडं एप्रिल-मेमध्ये 3 अँपिअरचा चार्जर आणि पहाटेची वेळ, हीच जोडी बरी. पाळी सुटून आल्याबरोबर तापलेली गाडी लावायची नाही, अर्धा तास सावलीत उभी करायची.

पुतण्यानं ऑर्डर बदलली. 54.6 व्होल्ट, 3 अँपिअर, लिथियमसाठी.

18 एप्रिल

नवा चार्जर आला. माळेवर 54.6, माळ काढल्यावरही 54.6. लिथियमचा चार्जर असाच एका आकड्यावर राहतो, आणि करंट अगदी कमी झाला की थांबतो.

आज पिना बदलायचं काम. "ही कुणाची, ती कुणाची" असं लिहून चालणार नाही. रात्रपाळीत, अंधारात, झोपेत माणूस जे बसेल ते लावतो. म्हणून चुकीचं बसूच नये असं करायचं. तीन गाड्यांना तीन वेगळ्या पिना : अण्णांच्या गाडीला साउंड सिस्टीमवाल्यांकडे मिळणारी माइकची तीन काड्यांची कॅनन पिन, शबानाताईंना आटे फिरवून बसणारी गोल एव्हिएशन पिन, बसूला चपटा अँडरसन कनेक्टर. 3 अँपिअरला तिन्ही भरपूर होतात. कॉम्प्युटरवाली पिन तिन्ही गाड्यांवरून काढून टाकली, त्यामुळं 230 ची केबल बसण्याचा प्रश्नही गेला.

गाडीच्या बाजूला सॉकेट लावताना दोन गोष्टी पाळल्या. पहिली, गाडीच्या बाजूचं टोक नेहमी जिवंत असतं, चार्जर लावलेला असो वा नसो. म्हणून गाडीला आत दबलेली छिद्रं असलेली बाजू द्यायची आणि उघड्या काड्यांची चार्जरला. उलट केलं तर खिशातली किल्ली लागूनही शॉर्ट होईल. दुसरी, प्रत्येक जोड टाकल्यावर चार्जर भिंतीला लावायच्या आधी मीटरनं दोन्ही बाजूंचं प्लस-मायनस जुळवून बघायचं. वायरीच्या रंगावर भरवसा ठेवायचा नाही. शबानाताईंच्या चार्जरमध्ये काळी तार प्लसची निघाली.

आणि इथं समर्थ एका चुकीच्या जवळ गेला होता, ती सविस्तर लिहितो, कारण पिन बदलणारे बरेच जण तिथंच चुकत असणार. अण्णांच्या डब्यातून दोन जाड तारा मोटारीकडं जातात आणि एक बारीक तार वेगळी, चार्जिंगची. जाड तारा समोरच असतात, बारीक तार झाकणाच्या मागून वळवून काढलेली. समर्थ म्हणाला, "दादा, प्लस-मायनस तर इथंच आहे, इथंच जोडू का?" व्होल्टेज मोजलं तर दोन्हीकडं सारखंच दिसतं, त्यामुळं प्रश्न साहजिक. पण या डब्यातल्या बीएमएसला दोन दारं आहेत. सेल जास्त भरला की बंद होणारं दार फक्त बारीक तारेवर आहे. जाड तारेवरचं दार बॅटरी फार उतरली तर बंद होतं. चार्जर जाड तारेवर जोडला तर वीज आत जाईल, गाडी भरेल, चालेल, आणि सेल 4.26 ला गेला तरी त्याला तोडणारं कुणी नसेल. अण्णांचा जुना 59 चा चार्जर तशा जोडणीवर लागला असता तर ही नोंदवही वेगळ्याच गोष्टीची झाली असती. बसवणाऱ्यानं निदान एवढं बरोबर केलं होतं.

ज्या डब्याच्या बाहेर दोनच तारा येतात, तिथं दोन्ही दारं एकाच वाटेवर असतात. तिथं हा प्रश्न नाही. पण वेगळी बारीक तार दिसली की चार्जिंग तिच्यावरच.

19 एप्रिल

शेजारच्या गाळेवाल्यानं आमचं काम बघून विचारलं, त्याच्या मोठ्या कंपनीच्या नव्या स्कूटरची पिन अशीच बदलून देऊ का, म्हणजे कुठलाही चार्जर लागेल. नाही म्हटलं. त्या जातीच्या गाड्यांच्या सॉकेटमध्ये वीज नेणाऱ्या काड्यांबरोबर बोलण्याच्या बारीक काड्याही असतात. किती व्होल्ट, किती अँपिअर, सेल किती तापलेत, हे गाडी सांगते आणि मगच चार्जर वीज सोडतो. दुचाकींसाठी अशा एका जोडणीला भारतीय मानक ब्युरोनं 2023 मध्ये मान्यताही दिली, IS 17017 च्या भाग 2 विभाग 7 मध्ये. बोलणं तोडून नुसत्या दोन तारा काढायच्या म्हणजे तिच्यातली सगळी देखरेख काढायची. ते काम मी करणार नाही.

28 एप्रिल

दहा दिवसांनी कारखान्यात जाऊन आलो. अण्णांच्या चार्जरचा दिवा पहाटे एकदा हिरवा होतो आणि तसाच राहतो. त्यांनी स्वतः तीन रात्री उठून बघितलं म्हणे. दुकानात आणून डबा परत मोजला. पाचवा सेल आणि बाकीचे यांच्यात त्या दिवशी 0.05 चा फरक होता, आता 0.02 चा. वरच्या टोकाला शांतपणे पोचायला मिळालं तसा बीएमएसनं त्यांना जवळ आणलं.

गेलेली ताकद मात्र पूर्ण परत आली नाही. नवीन असताना गाडी एका चार्जवर तीन दिवस कामाला जायची-यायची, आता अडीच. पाच-सहा महिने रोज रात्री ढकलल्याचा तो हिशेब आहे आणि अण्णांना तो मी स्पष्ट सांगितला. डबा कुठं फुगलेला नाही, चार्ज करताना कुठला सेल वेगळा तापत नाही, हे हात फिरवून आणि मोजून दोन्ही बघितलं. दर महिन्याला एकदा आणायला सांगितलंय. पाचवा सेल परत पुढं पळायला लागला तर पुढचा विचार.

बसूची बॅटरी माळेवर उतरवून बघायची राहिलीय. शबानाताईंचा मेलेला चार्जर नवीन डायोड आणि फ्यूज घालून चालू झाला, 58.4 बरोबर देतो, गोल पिन लावून झाली. अण्णांचा जुना 59 चा चार्जर आता बसूचा जादाचा म्हणून राहणार, चपटी पिन लावून. सगळ्या चार्जरच्या अंगावरचं "48" समर्थनं पांढऱ्या टेपनं झाकलं आणि वर मार्करनं खरा आकडा लिहिला : 54.6, 58.4, 59.